रिक्तता-विधानातून संशोधन प्रश्नाकडे : एका सत्रात उत्तर मिळण्याच्या कसोट्या

गोषवारा

पदव्युत्तर स्तरावरील संशोधन प्रकल्प एका सत्रात पूर्ण करावयाचा असतो. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातून 'या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही' असे विधान निघते आणि त्यालाच थोडे वळवून संशोधन प्रश्न म्हणून नोंदविले जाते. असा प्रश्न बहुधा सत्राच्या मुदतीत सुटत नाही. प्रस्तुत लेखात ग्रामसभा व महिला सभा यांविषयीचे एक उदाहरण घेऊन रिक्तता-विधान नेमके कसे करावे, त्यातून प्रश्न कसा घडवावा आणि तो नोंदविण्यापूर्वी रिकामा तक्ता, दिनदर्शिका, दप्तर व तासांचा हिशेब या चार कसोट्यांवर कसा तपासावा, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रिक्तता-विधान, संशोधन प्रश्न, पूर्वचाचणी, ग्रामसभा, महिला सभा, इतिवृत्त

प्रस्तावना

महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली आणि तिसऱ्या व चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सत्रातील प्रकल्प चार श्रेयांकांचा असतो. प्रकल्पकार्याच्या एका श्रेयांकास ३० तास धरले, तर विद्यार्थ्याच्या हाती एकूण १२० तास येतात. विषय निवडण्यापासून प्रबंधिका बांधून देण्यापर्यंतचे सर्व काम या तासांत बसवावे लागते.

प्रश्न या तासांत न मावणारा असेल, तर त्याचे परिणाम सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात दिसू लागतात. दोनशे प्रश्नावल्यांपैकी साठ भरून आलेल्या असतात आणि उरलेल्या दोन-तीन रात्रींत 'पूर्ण' होतात. त्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या अक्षरातल्या असतात. हा दोष केवळ विद्यार्थ्याचा मानणे न्याय्य ठरत नाही. जो प्रश्न १२० तासांत प्रामाणिकपणे सुटणेच शक्य नव्हते, त्यावर सत्रारंभी मार्गदर्शकाची स्वाक्षरी झालेली असते. त्यामुळे प्रश्न सुटण्याजोगा आहे किंवा नाही, याची तपासणी स्वाक्षरीपूर्वीच होणे आवश्यक आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या तिसऱ्या सत्रातील विद्यार्थिनी 'ग्रामसभेतील महिलांचा सहभाग' हा विषय घेऊन येते. तिच्या आराखड्यातील रिक्तता-विधान असे आहे : 'महिला आरक्षणानंतर ग्रामसभेतील महिलांच्या सहभागावर पुरेसे संशोधन झालेले नाही.' त्याखालील प्रश्न असा : 'महिला आरक्षणाचा ग्रामसभेतील महिलांच्या सहभागावर काय परिणाम झाला?' अशा धाटणीचे आराखडे प्राध्यापकांना नवीन नाहीत.

रिक्तता-विधानाची तपासणी

'पुरेसे संशोधन झालेले नाही' या विधानातून कोणती गोष्ट अज्ञात आहे, हे कळत नाही. शिवाय ते वस्तुस्थितीशीही जुळत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल व राजस्थान येथील ग्रामपंचायतींची तुलना केली. महिला प्रमुख असलेल्या पंचायती पिण्याच्या पाण्यासारख्या, महिलांनी अधिक वेळा मांडलेल्या गरजांवर अधिक खर्च करतात, असे त्यांना आढळले. रम्या पार्थसारथी, विजयेंद्र राव व नेत्रा पलानीस्वामी यांनी २०१९ मध्ये तामिळनाडूतील ग्रामसभांच्या शब्दशः नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामसभेत महिला कमी बोलतात आणि बोलल्या तरी चर्चेची दिशा ठरविण्यात व अधिकाऱ्यांकडून प्रतिसाद मिळविण्यात मागे राहतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे या विषयावर संशोधन झालेले आहे. त्या संशोधनाने कोठपर्यंत मजल मारली आणि नेमके काय बाजूला राहिले, हे सांगणे हेच रिक्तता-विधानाचे काम होय.

त्यासाठी विधानात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात. आधीच्या अभ्यासांतून काय कळले, ही पहिली. त्यांनी कोणता दुवा तपासला नाही, ही दुसरी. शोध कोठे व कोणत्या शब्दांनी घेतला, ही तिसरी. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. शोधगंगेवर केवळ इंग्रजी शब्दांनी शोध घेतला तर मराठीत लिहिलेले प्रबंध नजरेआड होतात. मराठीतही 'ग्रामसभा' हा जोडशब्द आणि 'ग्राम सभा' हे सुटे लेखन यांनी येणारे निकाल सारखे नसतात. 'महिला सहभाग', 'स्त्रियांचा सहभाग', 'पंचायत राज आणि महिला' अशी शीर्षकांची रूपेही अनेक आहेत. म्हणून ज्या शब्दांनी, ज्या संग्रहात व ज्या तारखेपर्यंत शोध घेतला, त्यांची नोंद ठेवून 'या शोधात आढळलेल्या अभ्यासांपैकी' एवढ्यापुरतेच विधान करणे प्रामाणिक ठरते. 'कोणीही अभ्यास केलेला नाही' हे विधान सिद्ध करता येत नाही आणि एका प्रबंधाचे नाव पुढे आले की ते खोटे ठरते.

वरील दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले, की त्यांच्यामधील एक जागा दिसू लागते. पहिला अभ्यास पंचायतीने काय केले हे पाहतो, तर दुसरा ग्रामसभेत कोण काय बोलले हे पाहतो. महाराष्ट्रात या दोहोंच्या आधीची एक पायरी कायद्यानेच घालून दिलेली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेच्या प्रत्येक नियमित सभेपूर्वी महिला सदस्यांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. ग्रामसभेत न बोलणाऱ्या महिलांना आपले म्हणणे मांडता यावे आणि ते पुढे ग्रामसभेपुढे यावे, ही त्यामागील अपेक्षा आहे. मग महिला सभेत मांडलेली मागणी प्रत्यक्षात ग्रामसभेपर्यंत पोहोचते का, असा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थिनीचे सुधारलेले विधान असे होऊ शकते :

'पंचायतीच्या खर्चावर महिला नेतृत्वाचा परिणाम आणि ग्रामसभेतील महिलांचे बोलणे यांचे अभ्यास उपलब्ध आहेत. मात्र नोंदविलेल्या शोधात आढळलेल्या अभ्यासांपैकी एकातही महिला सभेत नोंदलेल्या मागण्या त्यानंतरच्या ग्रामसभेपर्यंत पोहोचतात किंवा नाही, याचा माग घेतलेला नाही.'

या विधानाचा उत्तरार्ध विद्यार्थिनीच्या स्वतःच्या शोधावर उभा राहावयास हवा. शोधात असा एखादा प्रबंध सापडला, तर विधान बदलावे लागेल. विधान अशा रीतीने खोडता येणे, हे ते नेमके असल्याचे लक्षण आहे.

विधानाकडून प्रश्नाकडे

नेमक्या विधानातून प्रश्न काढताना पहिला निर्णय क्रियापदाचा असतो. मूळ प्रश्नात 'परिणाम' हा शब्द होता. आरक्षणाचा परिणाम सांगण्यासाठी आरक्षण नसते तर काय झाले असते, हे दाखविणारी तुलना हवी. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे आरक्षणच नाही, अशी ग्रामपंचायत तुलनेला मिळत नाही. सरपंचपद महिलांसाठी राखीव असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना करता येईल. पण दोन-तीन गावांमध्ये दिसणारा फरक आरक्षणाचा, गावाच्या आकारमानाचा की सरपंचाच्या व्यक्तिमत्त्वाचा, हे वेगळे काढता येणार नाही. चट्टोपाध्याय व डफ्लो यांचा निष्कर्ष शेकडो गावांच्या तुलनेवर आणि आरक्षणाच्या यादृच्छिक फिरतीवर उभा होता. एका विद्यार्थिनीला एका सत्रात ते साधणार नाही. त्यामुळे 'परिणाम', 'प्रभाव', 'योगदान' हे शब्द वगळून 'किती', 'कोणत्या', 'कोठे गळते' या शब्दांनी प्रश्न मांडणे उचित ठरते.

दुसरा निर्णय मोजमापाच्या एककाचा. 'सहभाग' हा शब्द जसाच्या तसा मोजता येत नाही. उपस्थिती, बोलणे, ठरावाचे सूचक किंवा अनुमोदक होणे आणि मागणी मान्य होणे, ही त्याची चार भिन्न रूपे आहेत. सुधारलेल्या विधानात 'मागणी' हे एकक आपोआप आलेले आहे. एक मागणी म्हणजे महिला सभेच्या इतिवृत्तात स्वतंत्रपणे नोंदलेले एक काम, सुविधा अथवा कार्यवाही. 'अंगणवाडीला कुंपण घालावे व नळ द्यावा' या एका वाक्यात दोन मागण्या आहेत, कारण त्यांतील एक मान्य होऊन दुसरी मागे पडू शकते. असे नियम आधीच लिहून ठेवले नाहीत, तर मोजणी मध्येच बदलते.

यावरून प्रश्नाचा पहिला मसुदा तयार होतो : 'निवडलेल्या ग्रामपंचायतींत महिला सभेच्या इतिवृत्तात नोंदलेल्या मागण्यांपैकी कोणत्या मागण्या त्याच फेरीतील अथवा लगतच्या पुढील ग्रामसभेच्या इतिवृत्तात येतात आणि कोणत्या विषयांच्या मागण्या येत नाहीत?'

पहिली कसोटी : रिकामा तक्ता

प्रश्न कागदावर आल्यानंतर आणि सामग्री गोळा करण्यापूर्वी त्याच्या उत्तराचा तक्ता रिकामाच आखून पाहावा. प्रस्तुत प्रश्नासाठी डाव्या बाजूस मागणीचे विषय येतील : पाणी, रस्ते व दिवाबत्ती, स्वच्छता, शाळा व अंगणवाडी, दारूबंदी व सुरक्षितता, वैयक्तिक लाभ आणि इतर. वरच्या बाजूस चार स्तंभ येतील : महिला सभेत नोंद, ग्रामसभेत केवळ उल्लेख, ग्रामसभेत ठराव आणि कोठेही नोंद नाही. एखाद्या स्तंभात काय भरावयाचे हे सांगता येत नसेल, तर प्रश्नाचा तेवढा भाग अजून धूसर आहे असे समजावे.

तक्ता आखल्यावर त्यात भिन्न प्रकारचे संभाव्य निकाल मनाने भरून पाहावेत. समजा, बहुतेक मागण्या ठरावापर्यंत पोहोचल्या. तर महिला सभा निदान नोंदीच्या पातळीवर काम करते, असे म्हणता येईल. समजा, पाण्याच्या मागण्या पोहोचल्या आणि दारूबंदीच्या पोहोचल्या नाहीत. तर गळती विषयानुसार होते, हे दिसेल. समजा, बहुतेक मागण्यांचा उल्लेखच नाही. तर या दोन सभांमधील दुवा निदान कागदावर तुटलेला आहे, असा निष्कर्ष निघेल. तिन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि तिन्हींतून काही कळते. याउलट 'ग्रामसभेत महिलांचा सहभाग कसा आहे?' या प्रश्नाचे 'कमी आहे' हे उत्तर काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. निकालाची एकच शक्यता सुचणे ही प्रश्नातील दोषाची खूण होय.

दुसरी कसोटी : दिनदर्शिका

विद्यार्थिनीचा मूळ मानस सहा गावांच्या ग्रामसभांना प्रत्यक्ष उपस्थित राहून निरीक्षण करण्याचा होता. वाचताना ही योजना निर्दोष वाटते, पण दिनदर्शिका पुढे ठेवली की ती टिकत नाही.

अधिनियमानुसार वित्तीय वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा व्हावयास हव्यात. त्या सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी अथवा त्यांच्या आसपास होतात. सत्र १ जुलैस सुरू होऊन पंधरा आठवडे चालते असे धरले, तर ते १३ ऑक्टोबरला संपते. १५ ऑगस्ट हा सातव्या आठवड्यात येतो आणि २ ऑक्टोबर चौदाव्या आठवड्यात. दुसऱ्या सभेचे निरीक्षण हाती येईल तेव्हा प्रबंधिकेसाठी जेमतेम दीड आठवडा उरलेला असेल. म्हणजे उपयोगी पडेल अशी एकच फेरी मिळते. त्या फेरीतही बहुतेक गावांच्या सभा एकाच दिवशी असल्याने एका व्यक्तीला एका, फार तर दोन गावांत हजर राहता येईल. सहा गावांची योजना येथेच संपते.

आणखी एक धोका आहे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते. ती पूर्ण न झाल्यास सभा तहकूब होते. १५ ऑगस्टची सभा तहकूब होऊन पुढील तारखेस गेली आणि त्या दिवशी विद्यार्थिनीची अंतर्गत परीक्षा असली, तर सत्रातील एकमेव निरीक्षणही हातचे जाते. ज्या घटनेचे निरीक्षण करावयाचे ती सत्रात किती वेळा घडते, केव्हा घडते आणि हुकल्यास पुन्हा मिळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच लिहून घ्यावीत. शाळेचे स्नेहसंमेलन, साखर कारखान्याचा गळीत हंगाम किंवा नदीचा पूर हेही असेच ठरावीक काळी घडणारे विषय आहेत आणि त्यांना हीच कसोटी लागू पडते.

या कसोटीनंतर दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे एका गावातील एका सभेचे बारकाईने वर्णन करणे. दुसरी म्हणजे घडून गेलेल्या सभांच्या नोंदींकडे वळणे. सुधारलेल्या प्रश्नाला दुसरी वाट जुळते, कारण नोंदी सत्राच्या तारखांवर अवलंबून नसतात.

तिसरी कसोटी : दप्तर

नोंदी अस्तित्वात असणे, त्या मिळणे आणि त्यांत हवी ती माहिती असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

अस्तित्वाबद्दल पाहता, ग्रामसभेचे इतिवृत्त नोंदवहीत लिहिले जाते. त्यात विषय, ठराव आणि बहुधा सूचक व अनुमोदक यांची नावे असतात. महिला सभेचे इतिवृत्त काही ठिकाणी स्वतंत्र वहीत असते, तर काही ठिकाणी ग्रामसभेच्याच वहीत चार ओळींत आटोपलेले असते. दुसऱ्या प्रकारच्या गावात हा प्रश्न सुटणार नाही.

मिळण्याबद्दल आराखड्यांत हमखास एक वाक्य असते : 'माहिती न मिळाल्यास माहितीचा अधिकार वापरण्यात येईल.' माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नुसार माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. ती न मिळाल्यास प्रथम अपील करावे लागते आणि त्याचा निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवून ४५ दिवसांपर्यंत, व्हावयाचा असतो. सत्राच्या पहिल्याच दिवशी अर्ज केला आणि मुदत संपताच अपील केले, तरी ६० ते ७५ दिवस जातात. सत्र १०५ दिवसांचे आहे. अधिकार असला तरी वेळ उरत नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सरपंच यांची अनुमती महाविद्यालयाच्या पत्रावर पहिल्या दोन आठवड्यांत मिळेल, अशीच गावे निवडावीत. असे केल्याने निवड सोयीची होते, ही मर्यादा प्रबंधिकेत उघडपणे लिहावी.

तिसऱ्या गोष्टीचा निर्णय पूर्वचाचणीशिवाय होत नाही. प्रश्न नोंदविण्यापूर्वी एका गावात जाऊन महिला सभेची दोन व ग्रामसभेची दोन इतिवृत्ते वाचावीत, आखलेल्या तक्त्यात ती भरून पाहावीत आणि घड्याळ लावून लागलेला वेळ लिहून ठेवावा. या चार इतिवृत्तांतून विद्यार्थिनीला बरेच काही कळेल. ग्रामसभेत कोण बोलले याची नोंद सहसा नसते, म्हणून 'बोलणे' हे एकक बाद होते. मागण्यांची नोंद असेल, तर 'मागणी' हे एकक टिकते.

पूर्वचाचणीत विशेष सावधपणे पाहण्याची एक गोष्ट आहे. चारही सभांचे शब्द सारखेच, केवळ तारखा वेगळ्या. उपस्थितीचा आकडा प्रत्येक वेळी तोच. महिला सभा व ग्रामसभा यांच्या सह्या एकाच क्रमाने. अशी चिन्हे दिसली, तर इतिवृत्त सभेनंतर पूर्तता म्हणून लिहिले गेले असण्याची शक्यता असते. त्या वहीतून मागण्यांचा माग काढणे व्यर्थ होय. हे दुसऱ्या आठवड्यात कळले तर दुसरे गाव किंवा दुसरा प्रश्न निवडता येतो. बाराव्या आठवड्यात कळले तर काहीच करता येत नाही.

चौथी कसोटी : तासांचा हिशेब

समजा, पूर्वचाचणीतील चार इतिवृत्ते वाचून, उतरवून तक्त्यात भरण्यास २ तास ४० मिनिटे लागली. म्हणजे दर इतिवृत्तास ४० मिनिटे. विद्यार्थिनीचा विचार तीन गावांची तीन वर्षांची इतिवृत्ते पाहण्याचा आहे. दरवर्षी चार ग्रामसभा व चार महिला सभा धरल्या, तर एकूण ७२ इतिवृत्ते होतात आणि त्यांना ४८ तास लागतात.

आता उरलेल्या कामांचे तास मांडावेत. पूर्वसंशोधनाचे वाचन व रिक्तता-विधान २२ तास, अनुमती व पूर्वचाचणीच्या फेऱ्या १२ तास, भरलेल्या नोंदींची फेरतपासणी ६ तास, विश्लेषण १४ तास आणि लेखन २८ तास, असे मिळून ८२ तास होतात. त्यांत ४८ मिळविले की १३० तास होतात. १२० तासांची मर्यादा येथेच ओलांडली जाते. आजारपण, गणेशोत्सवातील सुट्ट्या आणि बंद असलेले पंचायत कार्यालय यांसाठी निदान १२ तास राखून ठेवणे आवश्यक आहे. म्हणजे इतिवृत्तांसाठी प्रत्यक्षात २६ तासच उरतात आणि त्यांत ३९ इतिवृत्ते मावतात.

कपात कोठे करावी, हे प्रश्नच सांगतो. येथे प्रश्न काळानुसार होणाऱ्या बदलाचा नाही, त्यामुळे वर्षे कमी करता येतात. मात्र केवळ एकच गाव घेतले, तर दिसणारी गळती त्या गावाच्या अधिकाऱ्याच्या लेखनपद्धतीची आहे की तशीच अन्यत्रही होते, याचा अंदाजही येत नाही. म्हणून दोन गावे आणि २०२३-२४ व २०२४-२५ ही दोन वर्षे, हा पर्याय योग्य दिसतो. त्यात ३२ इतिवृत्ते, म्हणजे महिला सभा व ग्रामसभा यांच्या १६ जोड्या येतात. प्रश्नात 'लगतची पुढील ग्रामसभा' असल्याने शेवटच्या जोडीसाठी प्रत्येक गावाचे १ मे २०२५ च्या सुमारास झालेल्या ग्रामसभेचे इतिवृत्तही लागेल. एकूण ३४ इतिवृत्तांस २२ तास ४० मिनिटे लागतील. सर्व मिळून सुमारे १०५ तास होतात आणि १५ तास हाताशी राहतात.

याच वर्षांच्या निवडीमागे दुसरेही कारण आहे. कोविडच्या काळात सभांच्या नेहमीच्या क्रमात खंड पडला होता. ती वर्षे घेतली असती, तर मागणी ग्रामसभेत न येण्याचे कारण सभाच न होणे हेही असू शकले असते.

कसोट्यांनंतरचा प्रश्न आणि त्याचा पर्याय

चार कसोट्यांतून गेल्यावर प्रश्न पुढील स्वरूपात नोंदविता येतो : 'तालुक्यातील दोन ग्रामपंचायतींत २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांत महिला सभेच्या इतिवृत्तात नोंदलेल्या मागण्यांपैकी कोणत्या मागण्या त्याच फेरीतील अथवा लगतच्या पुढील ग्रामसभेच्या इतिवृत्तात उल्लेख किंवा ठराव या रूपात येतात आणि कोणत्या विषयांच्या मागण्या येत नाहीत?'

मूळ प्रश्नापेक्षा हा लांब व रुक्ष वाटेल. पण त्यातील प्रत्येक शब्द एखाद्या कसोटीतून आलेला आहे. 'इतिवृत्तात' हा शब्द दप्तराच्या कसोटीतून, 'लगतच्या पुढील' हा शब्द मागणी पोहोचण्यास लागणाऱ्या अवधीतून, तर गावांची व वर्षांची संख्या तासांच्या हिशेबातून आली आहे.

यासोबतच एक पर्यायी प्रश्न सत्रारंभीच लिहून ठेवावा. दुसऱ्या गावात महिला सभेची स्वतंत्र वही निघाली नाही, तर काय करावयाचे? त्या वेळी प्रश्न असा करता येईल : 'निवडलेल्या ग्रामपंचायतींत महिला सभेची नोंद कोठे व कोणत्या स्वरूपात ठेवली जाते आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख कसा येतो?' हा प्रश्न लहान आहे, परंतु पहिल्या प्रश्नातील अडथळ्यालाच तो अभ्यासवस्तू बनवितो आणि त्याचे उत्तर त्याच वह्यांतून मिळते. हा बदल केव्हा व का केला, हे प्रबंधिकेत लिहिलेच पाहिजे. मूळ प्रश्न हाच होता असे भासविणे, हे प्रश्नावल्या घरी भरण्याच्याच जातीचे आहे. पर्यायाकडे वळण्याची अंतिम तारीखही ठरलेली असावी. पंधरा आठवड्यांच्या सत्रात चौथ्या आठवड्याच्या अखेरीनंतर प्रश्न बदलणे परवडत नाही.

उत्तराच्या मर्यादा

सत्रात उत्तर मिळते म्हणून ते उत्तर मोठे होत नाही. या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्ताविषयीचे आहे, सभेत प्रत्यक्ष काय घडले याविषयीचे नाही. एखादी मागणी तोंडी पोहोचून काम झालेही असेल आणि वहीत आली नसेल. उलट वहीत ठराव असूनही काम झालेले नसेल. पहिली शक्यता तपासण्यासाठी राखलेल्या तासांतून महिला सभेस उपस्थित राहिलेल्या दोन-तीन महिलांशी, त्यांच्या संमतीने आणि सोयीच्या वेळी, बोलता येईल. पण ते उत्तराचे स्पष्टीकरण ठरेल, पुरावा ठरणार नाही.

आकड्यांच्या मांडणीतही संयम हवा. समजा, ६० मागण्यांपैकी २१ ठरावापर्यंत पोहोचल्या. दोन गावांतील त्या दोन वर्षांच्या सर्व नियमित सभा पाहिल्या असल्याने या ६० मागण्यांपुरते विधान पूर्ण आहे. परंतु 'तालुक्यातील ३५ टक्के मागण्या मान्य होतात' असे लिहिले, की दोन निवडक गावे सबंध तालुक्याची प्रतिनिधी होऊन बसतात. टक्केवारीऐवजी '६० पैकी २१' असे लिहिल्याने हा मोह बराच टळतो.

समारोप

आराखडा संमत करताना मार्गदर्शकाने पाच कागद मागावेत : शोधाचे शब्द व तारखा नोंदविलेले रिक्तता-विधान, रिकामा तक्ता, घटनांच्या तारखा टाकलेली सत्राची दिनदर्शिका, पूर्वचाचणीत प्रत्यक्ष भरलेली चार इतिवृत्ते आणि तासांचा हिशेब. हे कागद तयार करण्यास विद्यार्थ्याला पहिले तीन आठवडे लागतात आणि ते तास वरील हिशेबात धरलेलेच आहेत. यांपैकी एखादा कागद तयार होत नसेल, तर कोणता शब्द बदलावयाचा, हे तो कागदच दाखवून देतो. प्रस्तुत उदाहरणात 'परिणाम' हा शब्द गेला, सहा गावांची दोन झाली आणि 'सहभाग' या शब्दाच्या जागी 'मागणी' हा शब्द आला. हे सर्व विद्यार्थिनीने पहिली नोंद अंतिम तक्त्यात लिहिण्यापूर्वीच झाले.